डोस क्षणाचा, पहारा तासाचा

मेलबर्नमधल्या एका रुग्णालयात, मुलांच्या इमर्जन्सी विभागात मी बरीच वर्षं डॉक्टर म्हणून काम करते आहे. हात किंवा पाय मोडून आलेलं मूल आमच्याकडे दारातून आत आलं की पहिली धावपळ शीर शोधण्याची नसते. एक वर्षाच्या पुढचं, शुद्धीवर असलेलं, पण वेदनेने कासावीस झालेलं मूल असेल तर आम्ही फेन्टानिल हे औषध नाकातून फवारतो. सुई नाही, चार जणांनी हात धरून ठेवणं नाही. नाकातलं अस्तर रक्तवाहिन्यांनी भरलेलं असतं, त्यामुळे औषध पोटात आणि यकृतात न जाता थेट रक्तात उतरतं आणि पाचेक मिनिटांत वेदना सैल पडू लागते.

हे आमच्या विभागाचं खूळ नाही. पर्थच्या मुलांच्या रुग्णालयात मेरेडिथ बोर्लंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लांब हाड मोडलेल्या सात ते पंधरा वर्षांच्या ६७ मुलांवर याची रीतसर तुलना केली. काहींना शिरेतून मॉर्फिन दिलं, काहींना नाकातून फेन्टानिल. वेदना कमी होण्यात दोन्हींत फरक आढळला नाही. २००७ साली तो अभ्यास छापून आला आणि पुढे ऑस्ट्रेलियाभर ही पद्धत रुळली.

खाली लिहिलेलं सगळं एका मुलाच्या आधाराने सांगते. मूल मराठी घरातलं, साडेपाच वर्षांचं. बागेतल्या मंकी बारवरून पडलं, कोपराच्या वर हाड मोडलं. बाबा आणि पुण्याहून आलेल्या आजी त्याला घेऊन आले होते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, आकडे मात्र तसेच ठेवले आहेत.

१. आधी वजन, आणि तेही काट्यावर

फेन्टानिलचा डोस वजनावर ठरतो: एका किलोला १.५ मायक्रोग्रॅम. म्हणजे वजन चुकलं की पुढचं सगळं गणित नेमकेपणाने चुकतं. तरीही वजन हीच गोष्ट घाईत सगळ्यात आधी गळते, कारण मूल रडत असतं, हात वेडावाकडा दिसत असतो आणि काट्यावर उभं करणं क्रूर वाटतं.

उभं करावं लागतच नाही. त्या दिवशी आमच्या नर्सने हाताला उशीचा आधार दिला, मूल बाबांच्या कडेवरच राहू दिलं आणि दोघांना एकत्र काट्यावर घेतलं. ९४.५ किलो. मग मूल आजींच्या मांडीवर दिलं आणि बाबांचं एकट्याचं वजन केलं. ७६.५. मुलाचं वजन १८ किलो. या सगळ्याला मिनिटभरही लागलं नाही.

काटा जवळ नसेल तेव्हा वयावरून अंदाज बांधायची सूत्रं आहेत. वयात चार मिळवून दुप्पट करा, हे त्यातलं जुनं सूत्र. लांबीवरून वजन सांगणारी रंगीत पट्टीही असते. पण ही साधनं परदेशी मुलांच्या मापांवर बेतलेली आहेत. त्या पट्टीची भारतीय मुलांवर तपासणी झाली तेव्हा दहा किलोच्या वरच्या मुलांत ती वजन जास्त दाखवते असं आढळलं. हडकुळ्या मुलाला अंदाजाने जास्त वजन लावलं तर त्याला जास्त ओपिऑइड मिळतं. म्हणून अंदाजाचं वजन असेल तर तक्त्यावर आकड्याशेजारी ‘अंदाजे’ असं लिहायचं, आणि आई-वडिलांना विचारायचं. लसीकरणाच्या वेळी किंवा शाळेच्या तपासणीत केलेलं वजन आईला बहुधा आठवत असतं.

वजनाला वरून एक कुंपणही असतं. आमच्याकडे पहिला डोस ७५ मायक्रोग्रॅमच्या वर जात नाही, मूल साठ किलोचं असलं तरी. काही रुग्णालयांत ही सीमा १०० आहे. आपल्या ठिकाणची सीमा कोणती, हे मूल यायच्या आधी माहीत असायला हवं.

२. मायक्रोग्रॅम मोठ्याने बोला, मिलीलीटरही मोठ्याने बोला

१८ किलोला १.५ ने गुणलं की २७ मायक्रोग्रॅम येतात. आमच्या कपाटातल्या अँप्युलमध्ये एका मिलीलीटरला ५० मायक्रोग्रॅम असतात. २७ भागिले ५० म्हणजे ०.५४ मिलीलीटर.

इतकं सोपं गणित आहे, आणि तरी आम्ही ते दोन जणांनी स्वतंत्रपणे करतो. एकाने केलेलं दुसऱ्याने नुसतं ‘बरोबर’ म्हणायचं नाही. दुसऱ्याने पहिल्याचा कागद न बघता वजनापासून सुरुवात करायची. उत्तरं जुळली की मग दोघांनी मोठ्याने म्हणायचं: मूल अठरा किलो, सत्तावीस मायक्रोग्रॅम, शून्य पूर्णांक पाच चार मिलीलीटर. मायक्रोग्रॅम आणि मिलीलीटर दोन्ही उच्चारायचे, कारण घोटाळा नेहमी या दोहोंच्या मधल्या पुलावर होतो. तक्त्यावर डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो आणि हातातल्या सिरिंजवर खुणा मिलीलीटरच्या.

दुसरा घोटाळा औषधाच्या तीव्रतेचा. पर्थच्या अभ्यासात वापरलेलं द्रावण मिलीलीटरला १५० मायक्रोग्रॅमचं होतं, नेहमीच्या तिप्पट, नाकात कमी पाणी जावं म्हणून. त्यात तथ्य होतं. पण एका कपाटात दोन तीव्रतांच्या बाटल्या असल्या की त्याच ०.५४ मिलीलीटरमधून २७ ऐवजी ८१ मायक्रोग्रॅम जातात. माझं ठाम मत आहे की एका विभागात फेन्टानिलची एकच तीव्रता असावी. साध्या अँप्युलने मुलांचं काम भागतं.

आणखी एक पडताळा मी प्रत्येक नव्या डॉक्टरला सांगते. फेन्टानिलची लहान अँप्युल दोन मिलीलीटरची, म्हणजे १०० मायक्रोग्रॅमची असते. आमची सीमा ७५ आहे. म्हणून कुठल्याही मुलाच्या पहिल्या डोससाठी दुसरी अँप्युल फोडायची वेळ आली, तर हात थांबवायचा. दशांश चिन्ह कुठेतरी सरकलं आहे. १.५ चं १५ झालेलं असतं तेव्हा कागदावरचा आकडा निमूट बसलेला असतो, पण टेबलावरची तिसरी-चौथी अँप्युल डोळ्यांत भरते.

३. अॅटोमायझरच्या पोटात औषध अडकतं

सिरिंजच्या टोकाला एक छोटा स्पंजासारखा शंकू असलेली नळी लावतात. तिला अॅटोमायझर म्हणतात. दट्ट्या जोरात दाबला की औषधाचं धुकं होतं आणि ते नाकाच्या अस्तरावर पसरून बसतं. धार गेली तर ती घशात उतरते, मूल गिळतं, आणि गिळलेल्या फेन्टानिलचा बराच भाग यकृतातच संपतो.

या नळीच्या आत साधारण ०.१ मिलीलीटर औषध राहून जातं. मोठ्या माणसाच्या बाबतीत त्याने फारसं बिघडत नाही. लहान मुलाच्या बाबतीत बिघडतं. दहा किलोच्या मुलाचा डोस १५ मायक्रोग्रॅम, म्हणजे ०.३ मिलीलीटर. त्यातलं ०.१ नळीत राहिलं तर एक तृतीयांश डोस मुलाला मिळालाच नाही. मग दहा मिनिटांनी कोणीतरी म्हणतं की या मुलावर फेन्टानिल चालत नाही. औषध चाललं नाही असं नव्हे, ते पोहोचलंच नाही.

म्हणून आमच्या मुलासाठी ०.५४ ऐवजी ०.६४ मिलीलीटर भरलं, एक मिलीलीटरच्या सिरिंजमध्ये, जिच्यावर बारीक खुणा स्पष्ट दिसतात. पहिल्या नाकपुडीत दट्ट्या ०.६४ पासून ०.२७ पर्यंत दाबला. त्यातलं ०.१ नळी भरण्यात गेलं, ०.२७ नाकात गेलं. दुसऱ्या नाकपुडीत उरलेलं ०.२७. शेवटी जे ०.१ आत राहिलं ते राहू दिलं. तक्त्यावर मात्र डोस २७ मायक्रोग्रॅमच लिहिला, कारण मुलाच्या अंगात तेवढाच गेला. त्याच मुलाला त्याच नळीने दुसरा डोस द्यायचा झाला तर नळी आधीच भरलेली असते. तेव्हा हे वाढीव ०.१ घालायचं नसतं. ही बारीक गोष्ट तक्त्यावर छापलेली असावी, लक्षात ठेवण्यावर सोडू नये.

दोन्ही नाकपुड्यांत वाटून देण्याचं कारण जागेचं आहे. एका नाकपुडीचं अस्तर पाव-एक मिलीलीटर छान धरतं. अर्ध्याच्या पुढे ओघळ सुरू होतो. मूल मांडीवर पाठ टेकून अर्धवट बसलेलं असावं. शंकू नाकपुडीत हलका टेकवून त्याच बाजूच्या कानाच्या वरच्या टोकाकडे रोखायचा आणि दट्ट्या झटक्यात दाबायचा. हळूहळू दाबलं तर धुकं होत नाही, थेंब पडतात. नव्या माणसाचा हात इथेच कचरतो.

नाक शेंबडाने भरलेलं असेल तर आधी साफ करावं. नाकातून रक्त येत असेल किंवा तोंडा-नाकालाच मार असेल तर ही वाट सोडून द्यावी. डोक्याला मार लागून मूल गुंगीत असेल, आधीच दुसरं गुंगीचं औषध दिलेलं असेल, किंवा रक्तस्रावाने नाडी वेगाने चालत असेल, तर नाकातून देणं सोपं आहे एवढ्या कारणाने ते देऊ नये. तिथे शीर मिळवायची आणि वरिष्ठांना बोलवायचं.

४. दहाव्या मिनिटाला परत विचारा

मुलाला चेहऱ्यांचं चित्र दाखवलं होतं. शून्याला हसरा, दहाला रडका. विचारलं मी मराठीतून. आमच्या नर्सने इंग्रजीत विचारलं तेव्हा त्याने नुसती मान हलवली होती. “तुझा हात यातल्या कुठल्या चेहऱ्याएवढा दुखतोय?” त्याने शेवटच्या आधीच्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. आठ. बोलता न येणाऱ्या लहानग्यांसाठी चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि शांत होणं यांवरून गुण देण्याची वेगळी पद्धत आहे. रडण्याच्या आवाजावर मात्र विसंबू नये. फार दुखणारं मूल पुष्कळदा गप्प, ताठ आणि एकटक बघत पडलेलं असतं.

फेन्टानिलचा जोर दहा ते पंधरा मिनिटांत पुरता चढतो. म्हणून पाचव्या मिनिटाला दुसरा डोस देणं घाईचं, आणि अर्ध्या तासाने परत विचारणं निष्काळजीपणाचं. दहाव्या मिनिटाला या मुलाने मधला चेहरा दाखवला, सहा. आमच्या नियमात दुसरा डोस किलोला ०.७५ ते १.५ मायक्रोग्रॅम असतो. मूल जागं होतं, बोलत होतं, तरी मी अर्धाच दिला: १३.५ मायक्रोग्रॅम, म्हणजे ०.२७ मिलीलीटर, एकाच नाकपुडीत. आणखी दहा मिनिटांनी दोनचा चेहरा.

औषधासोबत बाकीची कामंही झाली. हात आहे त्या स्थितीत स्प्लिंटमध्ये बांधला. हाडाची टोकं हलायची थांबली की वेदना स्वतःच उतरते. शस्त्रक्रियेची शक्यता होती, म्हणून भूलतज्ज्ञांना विचारून तोंडाने पॅरासिटामॉल दिलं, किलोला १५ मिलीग्रॅम, म्हणजे २७०. फेन्टानिलचा अंमल अर्धा-एक तासाचा. तो ओसरायच्या आत दुसरं काहीतरी उभं राहायला हवं, नाहीतर मूल परत पहिल्या जागी येतं. मांडीचं हाड मोडलेलं असेल तर याच वेळेत आम्ही मांडीच्या नसेभोवती भूल देतो.

दोन डोसांनंतरही वेदना हटली नाही, तर तिसऱ्या डोसकडे हात जाण्याआधी अवयवाकडे डोळे जायला हवेत. कोपराच्या वरच्या फ्रॅक्चरमध्ये हाडाचं टोक धमनीला किंवा नसेला डिवचू शकतं. हाताच्या स्नायूंच्या बंद कप्प्यात सूज वाढत गेली तर रक्तपुरवठा गुदमरतो. त्याची पहिली खूण म्हणजे औषधाला दाद न देणारी, वाढत जाणारी वेदना, बोटं सरळ करताना किंकाळी फुटावी अशी. म्हणून फेन्टानिल देण्याआधी आम्ही मनगटाची नाडी बघतो, बोटांचा रंग बघतो, अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायला लावतो, आणि ते लिहून ठेवतो. मूल शांत झाल्यावर तीच तपासणी पुन्हा. वेदनाशामक दिलं तर निदान झाकलं जाईल ही भीती मी शिकत असताना सर्रास ऐकली. माझा अनुभव उलटा आहे. किंचाळणाऱ्या मुलाच्या बोटांची हालचाल कोणालाच नीट तपासता येत नाही. शांत मुलाची येते.

५. मूल शांत झालं की नजर हटवू नका

सगळ्यांत महत्त्वाचं मला हेच सांगायचं आहे. नाकातून फवारणं इतकं साधं दिसतं की हे ओपिऑइड आहे याचा विसर पडतो. शिरेतून मॉर्फिन दिलं की सगळे आपोआप सावध होतात. नाकात फवारा मारला की सगळे सुटकेचा श्वास टाकून पुढच्या खाटेकडे वळतात. आणि औषधाचा जोर शिगेला पोहोचतो तो नेमका त्यानंतर.

या डोसात गंभीर त्रास क्वचितच होतो. नाकाला खाज, तोंडात कडवट चव, थोडी सुस्ती, कधी उलटी, एवढंच बहुतेक वेळा दिसतं. पण श्वास मंदावणं हा या औषधाचा स्वभाव आहे, आणि तो आधी गुंगीतून दिसतो. मूल आधी झोपाळतं, मग हाक मारल्यावर उशिराने डोळे उघडतं, मग श्वास विरळ होतो, आणि ऑक्सिजनचा आकडा सगळ्यात शेवटी घसरतो. म्हणून पहाऱ्याचं मुख्य साधन बोटाला लावलेली पल्स ऑक्सिमीटरची चिमटी नाही. मुलाचं नाव घेऊन त्याला हाक मारणारा माणूस हे मुख्य साधन आहे. आधीच ऑक्सिजनचा मास्क लावून ठेवला तर तो आकडा आणखीच फसवा होतो. श्वास अर्ध्यावर आला तरी तो काही काळ शंभराच्या जवळ दिसतो. गरज नसेल तर आम्ही मास्क लावत नाही.

आमच्या तक्त्यावर प्रत्येक डोसनंतर पहिली वीस मिनिटं दर पाच मिनिटांनी चार नोंदी असतात: गुंगीचा गुण, एका पूर्ण मिनिटात मोजलेले श्वास, नाडी आणि ऑक्सिजन. मग तिसाव्या आणि साठाव्या मिनिटाला. दुसरा डोस दिला की घड्याळ पुन्हा शून्यापासून. गुंगीचा गुण असा: टक्क जागं म्हणजे शून्य, पेंगुळलेलं पण बोलतं म्हणजे एक, हाकेने किंवा हलक्या स्पर्शाने जागं होतं म्हणजे दोन, जोराने हलवल्याशिवाय उठत नाही म्हणजे तीन. दोन आला की नर्स खाट सोडत नाही आणि डॉक्टरला बोलावते. साडेपाच वर्षांच्या मुलाचे श्वास मिनिटाला साधारण वीस-पंचवीस असतात. पंधराच्या खाली गेले तरी तेच.

या मुलाचा गुण विसाव्या मिनिटापर्यंत शून्य होता. दुसऱ्या डोसला दहा मिनिटं होऊन गेली होती, हात स्प्लिंटमध्ये नीट बसला होता, आणि आजी त्याच्या केसांतून हात फिरवत होत्या. तेवढ्यात एक्स-रे विभागातून बोलावणं आलं. धोक्याची खरी वेळ अशीच येते. वेदना ही स्वतःच मुलाला जागं ठेवत असते. स्प्लिंट बांधला, हाड जागेवर आलं किंवा नसेला भूल दिली की ती अचानक संपते. औषध मात्र तेवढंच अंगात असतं, आणि आता त्याला अडवायला काही नसतं. त्यात एक्स-रेची खोली अर्धवट अंधारी, दार बंद, आजूबाजूला अनोळखी माणसं. ‘झोपलाय, बरं झालं’ असं सगळ्यांना वाटतं.

आमची नर्स चिमटी, बॅग-मास्क आणि तक्ता घेऊन सोबत गेली. एक्स-रेच्या टेबलावर मुलाने डोळे मिटले. नावाने हाक मारली तर उघडले, पण लगेच पुन्हा मिटले. गुण दोन. श्वास सोळा, ऑक्सिजन ९६. तिने त्याची हनुवटी थोडी वर केली, मान सरळ ठेवली, बोलत राहिली आणि मला फोन केला. मी पोहोचेपर्यंत श्वास अठरावर आले होते. दहा मिनिटांत तो डोळे उघडून पाणी मागू लागला. औषधावर उतारा द्यावा लागला नाही. त्याच्या जवळ कोणी नसतं तर हनुवटी छातीवर टेकून घसा अडला असता, आणि ही गोष्ट वेगळी झाली असती.

तो द्यावा लागला असता तर काय करायचं, हे आधीच लिहिलेलं होतं. पहिलं काम जबडा पुढे ओढून श्वासाची वाट मोकळी करणं, हाक मारून जागं करणं, मग ऑक्सिजन, श्वास अपुरे असतील तर बॅग-मास्कने श्वास देणं. त्यानंतर नॅलोक्सोन. शिरेतून पहिली मात्रा किलोला ०.०१ मिलीग्रॅम, या मुलाला ०.१८ मिलीग्रॅम. मिलीलीटरला ०.४ मिलीग्रॅमच्या अँप्युलमधून ०.४५ मिलीलीटर. फेन्टानिल भरायच्या आधीच हा आकडा त्याच तक्त्यावर लिहिला जातो. मूल निळं पडत असताना कोणी भागाकार करू नये. नॅलोक्सोन द्यावंच लागलं तर वेदना परत उसळते आणि पहाऱ्याचा काळ लांबतो, हेही नातेवाइकांना सांगावं.

शेवटच्या डोसनंतर किमान एक तास, गुंगीचा गुण शून्य, आधीसारखं बोलणं आणि चालणं, तोंडाने घेतलेल्या औषधावर वेदना आटोक्यात. हे सगळं जुळल्याशिवाय आम्ही कोणालाही घरी सोडत नाही. बरीच मुलं गाडीच्या सीटवर मान टाकून झोपतात, आणि चालवणाऱ्याला मागे बघता येत नाही. म्हणून शक्यतो मुलाशेजारी एक मोठं माणूस बसायला सांगतो. या मुलाला घरी जायचं नव्हतं. त्याच्या हाडात तारा घालायच्या होत्या. भूलतज्ज्ञांना एकूण ४०.५ मायक्रोग्रॅम, शेवटच्या डोसची वेळ आणि एक्स-रेमधली ती दहा मिनिटं, हे सगळं तोंडी आणि लेखी दोन्ही सांगितलं.

६. घरच्यांची भीती ऐकून घ्या

आजींनी औषधाचं नाव ऐकलं आणि त्यांचा चेहरा उतरला. “डॉक्टर, हे ते बातम्यांत दाखवतात तेच ना? अमेरिकेत पोरं मरतात त्यानं?” नाव तेच आहे हे मी लपवलं नाही. “हो आजी, औषध तेच. तिथे ते किती घेतलं हे घेणाऱ्यालाही माहीत नसतं, शेजारी बघायला कोणी नसतं. इथे वजन करून मोजलंय, दोघांनी तपासलंय, आणि तासभर कोणीतरी याच्याजवळ बसणार आहे.” एका-दोन डोसांनी मोडलेल्या हाताच्या मुलाला व्यसन लागत नाही, हेही सांगितलं. मग मी त्यांना काम दिलं. दर थोड्या वेळाने नातवाला नावाने हाक मारायची, त्याने उत्तर दिलं नाही तर लगेच नर्सला सांगायचं. आजींनी ते इतक्या नेमाने केलं की माझी नर्स पुढच्या प्रत्येक मुलाच्या घरच्यांना हेच सांगू लागली.

७. महाराष्ट्रातल्या सहकाऱ्यांसाठी

भारतात फेन्टानिल अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतं. २०१४ च्या दुरुस्तीनंतर ते मॉर्फिनसह अत्यावश्यक मादक औषधांच्या यादीत गेलं आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना ते ठेवण्याची वाट सोपी झाली. जिथे शस्त्रक्रिया होतात तिथे भूलतज्ज्ञांच्या कपाटात ते बहुधा असतंच. तेव्हा अडचण औषधाची नाही. अडचण त्यानंतरच्या तासाची आहे. चिमटी, मुलाच्या मापाचा बॅग-मास्क, नॅलोक्सोन, आणि दुसरं काम न देता खाटेशेजारी बसवता येईल असं एक माणूस, ही चार जिथे नाहीत तिथे नाकातून फेन्टानिल सुरू करू नका. स्प्लिंट, पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन आणि नसेभोवतीची भूल यांवर भर द्या. जिथे ती चारही आहेत, तिथे आपल्या भूलतज्ज्ञांसोबत बसा, एक पानाचा तक्ता तयार करा, पहिल्या मुलाआधी त्याचा सराव करा, आणि तक्त्यावरचा पहिला रकाना वजनाचा ठेवा.